वक्ता कुणाकडे पाहून बोलतो? ‘आम्ही’, ‘आपण’ आणि संविधान सभेतली भाषणे

संविधानाच्या उद्देशिकेचे पहिलेच शब्द ‘आम्ही, भारताचे लोक’ असे आहेत. तिथे ‘आपण’ हवे होते, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. तक्रारीमागचा विचार साधा असतो. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. संविधान तर सगळ्यांचे, मग ऐकणाऱ्याला बाहेर का ठेवायचे? उलट बाजूचे लोक सांगतात की हा सगळा शब्दच्छल आहे, इंग्रजीत एकच ‘वुई’ आहे, त्याला ‘आम्ही’ म्हणा की ‘आपण’ म्हणा, वाचणाऱ्याला कळते. दोन्ही बाजू चुकतात असे मला वाटते, आणि चूक एकाच जागी आहे. दोघेही शब्दाच्या अर्थावर भांडतात. हे वाक्य कोण कुणाला उद्देशून म्हणतो आहे, हे कुणी विचारत नाही. ‘आम्ही’ परके आणि ‘आपण’ आपुलकीचे, हा नियम भाषांतराच्या टेबलावर टिकत नाही. प्रत्येक वाक्याला वक्त्याचे तोंड कुणाकडे आहे ते पाहायचे आणि त्या दिशेने सर्वनाम ठरवायचे. एका भाषणात ते पाच वेळा बदलले तरी बदलू द्यायचे.

आधी ‘आपण’ची अडचण नीट पाहू, कारण वादात ती कुणी बोलून दाखवत नाही. ‘आम्ही’ हा बऱ्यापैकी सरळ शब्द आहे. ‘आपण’ मात्र एकाच वेळी तीन कामे करतो. एक, बोलणारा आणि ऐकणारा मिळून: ‘आपण उद्या भेटू’. दोन, आदरार्थी ‘तुम्ही’: ‘आपण कधी आलात?’ तीन, वाक्याच्या कर्त्याकडे परत वळणारा: ‘त्याने आपले घर विकले’. पहिल्या दोघांत फरक करायचे काम क्रियापद करते. ‘आपण जातो’ आणि ‘आपण जाता’, ‘आपण जाऊ’ आणि ‘आपण जाल’, ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ यांत कुणाची गफलत होत नाही. पण क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही तिथे हा आधार सुटतो. ‘आपण हे काम केले’, ‘आपण हे केले पाहिजे’, ‘आपल्याला हे ठाऊक आहे’, ‘आपला निर्णय’. यातले प्रत्येक ‘आपण सगळे’ म्हणून वाचता येते आणि ‘तुम्ही, महोदय’ म्हणूनही. बोलताना ‘केलेत’ असा त लावून आपण वाट काढतो. लेखी मराठीत तो बरेचदा गळतो.

आता उद्देशिकेकडे येऊ. ती सगळी मिळून एकच वाक्य आहे आणि मराठी वाक्याच्या स्वभावाप्रमाणे तिचे क्रियापद अगदी शेवटी येते: ‘…स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. सुरुवातीला ‘आपण, भारताचे लोक’ असे ठेवून पाहा. वाचणाऱ्याला काय वाटेल? कुणीतरी उभे राहून लोकांना आदराने संबोधते आहे: आपण, म्हणजे तुम्ही. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे सगळे ओलांडून ‘आहोत’पर्यंत पोहोचल्यावरच तो गैरसमज फिटेल. ज्या वाक्यात लोक स्वतः बोलत आहेत, त्याच वाक्यात त्यांना कुणीतरी वरून हाक मारल्यासारखे वाटावे, याहून मोठे नुकसान काय असू शकते?

आणि मुळात इथे वगळायला ऐकणारा आहेच कुठे? संवादात ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, कारण संवादात समोर माणूस असतो. घोषणेत, प्रतिज्ञेत, करारनाम्यात सगळे एका बाजूला उभे असतात आणि शब्द कागदाला, जगाला, पुढच्या काळाला उद्देशून असतात. गावातल्या अर्जावर ‘आम्ही खाली सह्या करणारे’ असे लिहितात, तेव्हा सही करणाऱ्यांपैकी कुणाला आपण वगळले गेलो असे वाटत नाही. ‘आपण खाली सह्या करणारे’ असे कुणी लिहिले तर कारकून ते दोनदा वाचेल.

या युक्तिवादाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा तमिळ देते, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तमिळमध्येही दोन सर्वनामे आहेत, ऐकणाऱ्याला धरून ‘नाम्’ आणि वगळून ‘नांगळ्’. तमिळ उद्देशिकेत ‘नाम्’ आहे, म्हणजे समावेशक. तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ आहेत, आणि तिथे उद्देशिका ‘मेमु’ वापरते, म्हणजे आपल्या ‘आम्ही’सारखे. गुजरातीत ‘आपणे’ असूनही तिथे ‘अमे’ आहे. मग तमिळांना जमले ते आपल्याला का जमू नये? कारण तमिळ ‘नाम्’ आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणून वापरत नाहीत. तिथे तो शब्द वाक्याच्या तोंडाशी ठेवला तरी संबोधनाचा भास होत नाही. आपल्या ‘आपण’ला ती मोकळीक नाही. प्रत्येक भाषेने आपल्या सर्वनामांचा ताळेबंद पाहून निवड केली पाहिजे.

उद्देशिकेत ‘आम्ही’ बरोबर आहे, म्हणून संविधान सभेतल्या इंग्रजी भाषणांचा मराठी अनुवादही ‘आम्ही’ने भरून टाकावा का? इथे मी तितक्याच ठामपणे नाही म्हणेन. मराठीत येणारे बरेच अनुवाद हिंदीच्या वाटेने येतात किंवा हिंदीची सवय असलेल्या हाताने होतात. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. ‘हमें’ दिसले की हात ‘आम्हाला’ लिहून मोकळा होतो, आणि सभागृहातल्या सहकाऱ्यांशी बोलणारा वक्ता मराठीत अचानक त्यांच्याशी फटकून बोलू लागतो.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री नेहरूंनी केलेले भाषण घेऊ. पहिल्याच वाक्यात ते म्हणतात की फार वर्षांपूर्वी ‘वुई’ने नियतीशी संकेत केला होता आणि आता ते वचन पुरे करण्याची वेळ येत आहे. हा संकेत कुणी केला होता? सभेतल्या मोजक्या सदस्यांनी नव्हे. त्यांनी आणि बाहेरच्या साऱ्या देशाने. म्हणून ‘आपण’. पण ‘आपण नियतीशी संकेत केला होता’ हे नेमके वर सांगितलेल्या धोक्याच्या रचनेत बसते. सकर्मक क्रियापद, भूतकाळ. ‘केला’ संकेताप्रमाणे चालते, कर्त्याप्रमाणे नाही. उपाय सोपा आहे. त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कर्त्याचे ऐकणारे क्रियापद ठेवायचे: ‘…आणि ते वचन आता आपण पुरे करणार आहोत’. ‘आहोत’ आले की मागचे ‘आपण’ही स्थिर होते. भूतकाळाचे वाक्य आणि भविष्याचे वाक्य पूर्णविरामाने तोडून दोन केली, तर मात्र पहिले पुन्हा लोंबकळते.

त्याच भाषणात पुढे एक जागा आहे, जिथे चांगले अनुवादकही अडखळतील. ज्या भारतीय जनतेचे ‘वुई’ प्रतिनिधी आहोत, तिला ‘वुई’ आवाहन करतो की तिने श्रद्धेने आणि विश्वासाने या महान साहसात ‘अस’बरोबर यावे. वाक्य सभागृहात उच्चारले गेले. ऐकणारे सदस्य होते आणि सदस्यच प्रतिनिधी होते. त्या हिशेबाने ‘आपण ज्या जनतेचे प्रतिनिधी आहोत’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, आणि वक्ता सहकाऱ्यांकडे पाहून बोलतो आहे असे मानले तर अर्थानेही शुद्ध. पण आवाहन सहकाऱ्यांना नाही, जनतेला आहे. मान सभागृहात असली तरी तोंड खिडकीबाहेर वळले आहे. शिवाय मराठी वाचक आज जनतेच्या जागी बसून वाचतो. त्याला ‘आपण जनतेला आवाहन करतो’ असे दिले, तर जनताच जनतेला बोलावते आहे असा गोंधळ होतो. म्हणून मी लिहीन: ‘ज्या भारतीय जनतेचे आम्ही प्रतिनिधी आहोत, तिला आमचे आवाहन आहे की तिने या महान साहसात आमच्या सोबत यावे’. लगेच पुढे क्षुद्र टीकेला ही वेळ नव्हे, असे सांगून ते म्हणतात की स्वतंत्र भारताचा भव्य वाडा ‘वुई’ला उभारायचा आहे, जिथे तिची सारी लेकरे राहू शकतील. आता काय? बोलावणे झाले आहे, जनता आत आली आहे. ‘आपल्याला उभारायचा आहे’. इथे ‘आम्हाला’ ठेवले तर आमंत्रण देऊन दार लावून घेतल्यासारखे होते. तीन वाक्यांत सर्वनाम बदलले. विसंगती वाटून कुणी संपादकाने सगळीकडे एकच करून टाकले, तर भाषणाची हालचालच थांबते. शैलीपत्रिकेत ‘सर्वत्र आपण वापरावे’ अशी ओळ घालणाऱ्या कार्यालयांना हे एकदा वाचून दाखवायला हवे.

२५ नोव्हेंबर १९४९ चे डॉ. आंबेडकरांचे भाषण याहून अवघड आहे, कारण तिथे सर्वनामांना तीन बाजू आहेत. ते म्हणतात की २६ जानेवारी १९५० रोजी ‘वुई’ विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली पाहिजे, नाहीतर जे विषमता सोसतात ते लोक, या सभेने एवढ्या कष्टाने उभारलेली राजकीय लोकशाहीची इमारत उडवून देतील. पहिल्या ‘वुई’ला ‘आपण’ हेच उत्तर आहे. विसंगतीत सगळेच जगणार आहेत, तिचे लाभ ज्याला होतात तोही आणि तिचे चटके ज्याला बसतात तोही. पण सोसणाऱ्यांना आंबेडकरांनी ‘वुई’ म्हटलेले नाही, ‘जे सोसतात ते’ म्हटले आहे. अस्पृश्यतेचा अनुभव अंगावर घेतलेला माणूस इथे तृतीयपुरुषी बोलतो, आणि ‘ही सभा’ असे म्हणून सभेलाही समोर ठेवतो.

भावनेच्या भरात अनुवादक इथे ‘आम्ही, विषमता सोसणारे’ असे काही लिहू शकतो. वाटते की आपण आंबेडकरांच्या मनातले बाहेर काढले. प्रत्यक्षात वाक्याचा प्रकार बदलतो. ‘ते उडवून देतील’ हा घटनातज्ज्ञाने सभेला दिलेला अंदाज आहे; ‘आम्ही उडवून देऊ’ ही धमकी होईल. बोलणाऱ्याने जी जागा सोडली, ती अनुवादकाने परस्पर भरायची नसते.

याच भाषणात घटनात्मक मार्गांबद्दलचा प्रसिद्ध भाग आहे. घटनात्मक मार्ग बंद होते तोवर इतर मार्गांना समर्थन होते. आता ते खुले झाले आहेत, म्हणून रक्तरंजित क्रांतीच नव्हे तर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्गही ‘वुई’ने सोडले पाहिजेत, ते अराजकाचे व्याकरण आहे. शब्दाला शब्द ठेवून कुणी लिहील: ‘आपण सत्याग्रहाचा मार्ग सोडला पाहिजे’. आता सभागृह डोळ्यांसमोर आणा. बाकांवर सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले काँग्रेसचे लोक आहेत. बोलणारे आंबेडकर, ज्यांचे काँग्रेसशी अनेक वर्षे मतभेद होते. अशा प्रसंगी ‘आपण सोडला पाहिजे’ हे मराठी कानाला सहज ‘आपण, म्हणजे तुम्ही मंडळींनी’ असे ऐकू येईल. उपदेश होईल, थोडा टोमणाही. मूळ इंग्रजीत तो नाही. आणि वस्तुस्थितीतही नाही: १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि १९३० चा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आंबेडकरांच्याच नेतृत्वाखालचे. जो मार्ग सोडायला ते सांगतात, त्यावरून ते स्वतः चाललेले आहेत. ते ‘वुई’ त्यांच्या अंगालाही लागते.

मग लिहायचे कसे? ‘आपण सर्वांनी’ म्हणून भागत नाही, तेही ‘तुम्ही सर्वांनी’ होऊ शकते. ‘आपल्याला सोडावा लागेल’ याचीही तीच गत. दोन वाटा उरतात. एक, ‘तुम्ही-आम्ही सर्वांनी हा मार्ग सोडला पाहिजे’. अर्थ पक्का होतो, पण सूर जरा सभेतल्या कार्यकर्त्याचा लागतो. दुसरी मला जास्त पटते, ती म्हणजे शेजारी प्रथमपुरुषी क्रियापद आणून बसवणे: ‘सत्याग्रहाचा मार्गही आता सोडून द्यायला हवा, तो धरून ठेवला तर अराजकाचे व्याकरण आपणच गिरवत राहू’. ‘राहू’ म्हटले की वक्ता आत आहे. ‘राहाल’ म्हटले असते तर बाहेर. सारे काम त्या दोन अक्षरांनी केले. आंबेडकरांच्या शब्दक्रमाला इथे मी थोडा धक्का देतो आहे, हे मान्य. क्रम राखून बाजू बदलण्यापेक्षा बाजू राखून क्रम बदललेला बरा.

‘आपण’च्या बाजूने बोलणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. व्यासपीठावरून सतत ‘आम्ही’ म्हणणारा माणूस राज्यकर्ता वाटतो. ‘आम्ही रस्ते दिले, आम्ही पाणी दिले’ याचा वीट आलेल्या कानांना ‘आपण’ बरे वाटते. पण याच गोडव्याचा दुरुपयोगही होतो. एखाद्या धरणाच्या प्रमुखाने इंग्रजीत कबुली दिली की पाणी वेळेवर सोडण्यात ‘वुई’ कमी पडलो. मराठीत ‘आपण कमी पडलो’ असे आले की ज्यांच्या शेतात पाणी शिरले तेही चुकीचे वाटेकरी झाले. अशा जागी ‘आम्ही’ हेच प्रामाणिक आहे. त्यातला वगळणारा अर्थ इथे ऐकणाऱ्याच्या फायद्याचा आहे, कारण तो त्याला दोषातून वगळतो. श्रेय, दोष, वचन, माफी या चार प्रसंगी ‘आपण’ लिहिण्यापूर्वी हात आखडता घ्यावा. वाक्यात ‘तुम्हाला’ असे कर्म असेल, ‘वुई’ तुम्हाला शब्द देतो असे काही, तर प्रश्नच उरत नाही.

आणि वक्त्याने मुद्दामच संदिग्ध ठेवले असेल तर? इंग्रजी ‘वुई’ची सगळी सोय त्या धूसरपणात आहे, मग मराठीत एक बाजू निवडणे ही मूळ भाषणाशी प्रतारणा नाही का? या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देतो. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला लिंकन स्मारकापुढे मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तेव्हा गर्दीत कृष्णवर्णीय होते तसे गोरेही होते. किंग म्हणतात की इथे हजर असलेल्या गोऱ्या बांधवांनी ओळखले आहे की त्यांचे भवितव्य ‘अवर’ भवितव्याशी बांधलेले आहे. इथे ‘आमच्या’ लिहावे लागते. गोरे बांधव ऐकत आहेत, तरीही. कारण ‘त्यांचे भवितव्य आपल्या भवितव्याशी बांधलेले आहे हे त्यांनी ओळखले’ असे लिहिले तर ‘आपल्या’ हा शब्द मागे वळून ‘त्यांनी’लाच चिकटू पाहतो, ‘आपण’च्या तिसऱ्या कामामुळे. पण त्यानंतर लगेच एक छोटे वाक्य येते: ‘वुई’ एकटे चालू शकत नाही. कोण? कृष्णवर्णीय, ज्यांना सोबत हवी? की दोघेही, ज्यांना एकमेकांवाचून गती नाही? त्या वाक्याची ताकद दोन्ही ऐकू येण्यात आहे. सुदैवाने मराठीला सर्वनाम गाळता येते. ‘एकट्याने चालता येणार नाही’ म्हटले की कर्ता उघडा राहतो आणि वाक्य मराठीच राहते.

ही सवलत जपून वापरायची, एवढेच. ‘-ता येणार नाही’, ‘-ायला हवे’, ‘करण्यात येईल’ अशा रचनांनी अख्खे भाषण उतरवले, तर ते परिपत्रक होते. मूळ जिथे खरोखर दुहेरी आहे, तिथेच गाळावे. आपल्याला ठरवता आले नाही म्हणून गाळले, तर तो कंटाळा झाला.

बोलीत हा भेद तसाही ढिला झाला आहे, असे म्हणणारेही असतात. मुंबईत ‘आपल्याला नाही जमणार बुवा’ म्हणजे ‘मला’. हे खरे आहे, पण त्याचा पुरावा उलटा पडतो: तिथे आणखी एक चौथे काम ‘आपण’च्या गळ्यात पडले, म्हणजे लिहिताना काळजी वाढली, कमी झाली नाही.

एक जागा राहिली, ती निर्धाराच्या वाक्यांची. ४ जून १९४० रोजी चर्चिल ब्रिटिश संसदेत म्हणाले की ‘वुई’ समुद्रकिनाऱ्यांवर लढू, शरण कधीच जाणार नाही. ऐकणारे त्यांचेच देशबांधव, म्हणून नियमाने ‘आपण’. पण ‘आपण किनाऱ्यांवर लढू’ हे मराठीत सूचनेसारखे वाटते, ‘आपण चहा घेऊ’च्या चालीवर, समोरच्याने ‘नको’ म्हणायला जागा राहते. दोष सर्वनामाचा नाही, ‘-ऊ’ या रूपाचा आहे. ‘आपण’बरोबर ते प्रस्ताव मांडते, ‘आम्ही’बरोबर निश्चय. म्हणून दोनांतले एक बदलावे लागते. संसदेकडे तोंड ठेवायचे असेल तर ‘आपण किनाऱ्यांवर लढणार आहोत’. शत्रूला आणि अटलांटिकपलीकडच्या अमेरिकेला ऐकवायचे असेल तर ‘आम्ही किनाऱ्यांवर लढू’. चर्चिल दोघांनाही ऐकवत होते. मी संसदेच्या बाजूने जाईन, कारण त्या बाकांवरच्या लोकांच्याच घरातली मुले त्या किनाऱ्यांवर उभी राहायची होती. आणि वाक्ये लागोपाठ येतात तिथे सर्वनाम पहिल्या वाक्यात एकदाच ठेवून पुढे नुसते ‘लढणार आहोत’ लिहीन.